एकाच मापावर जाऊ नका, रेघ बघा

(अवसरी बुद्रुक येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत बाळाच्या डोक्याच्या घेराविषयी झालेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी तो इथे देत आहोत.)



बाळाचं वजन दर महिन्याला करायचं असतं, हे आता आपल्याकडे घरातल्या आजीलाही माहीत आहे. वजन कमी भरलं की सासूबाई स्वतः विचारतात, काय झालं म्हणून. पण बाळाच्या डोक्याचा घेर किती आहे असं विचारलं, तर शंभरात एखादीच आई सांगू शकेल. बाळंतपणानंतर दवाखान्यात तो एकदा मोजलेला असतो, कागदावर लिहिलेला असतो आणि तो कागद पेटीत गेलेला असतो. आज मला त्याच आकड्याबद्दल बोलायचं आहे. तो कसा मोजायचा, कागदावरच्या रेघांशी कसा ताडून बघायचा आणि बाळ आपली रेघ सोडून वर किंवा खाली गेलं तर काय समजायचं, एवढंच.

आधी हे बघा की डोकं मोजतात कशासाठी. जन्मलेल्या बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. मध्ये फटी असतात आणि वर आपण जिला टाळू म्हणतो ती मऊ जागा असते. आतला मेंदू वाढतो तशी हाडं बाजूला सरकतात आणि घेर वाढतो. म्हणजे कवटी आपल्या मनाने वाढत नाही, आतून जागा लागते म्हणून ती वाढते. पहिल्या वर्षात मेंदू जेवढा भराभर वाढतो तेवढा पुढे आयुष्यात कधीच वाढत नाही. मेंदू आपल्याला दिसत नाही, टेप मात्र त्याच्याभोवती फिरवता येते.

वाढीचा वेग लक्षात ठेवायला सोपा आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं पहिले तीन महिने दर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं. पुढचे तीन महिने दर महिन्याला साधारण एक. त्यापुढे वर्षाचं होईपर्यंत महिन्याला अर्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधल्या मुलाचं डोकं जन्मताना 34.5 सेंटिमीटर आहे, तीन महिन्यांना 40.5, सहा महिन्यांना 43.3 आणि वर्षाला 46.1. मुलींचं थोडं कमी असतं, म्हणून मुलींचा तक्ता वेगळा. मुलीचं माप मुलांच्या तक्त्यावर मांडलं तर चांगली वाढणारी पोरगी विनाकारण मागे पडलेली दिसेल.

आता हे ‘मधलं मूल’ म्हणजे काय? तक्त्यावर पाच वाकड्या रेघा असतात. त्यांच्यापुढे 3, 15, 50, 85 आणि 97 असे आकडे असतात. त्यांना पर्सेंटाइल म्हणतात. हे बोर्डाच्या परीक्षेचे टक्के नव्हेत. पंधराव्या रेघेवरचं बाळ नापास नाही आणि सत्त्याण्णवाव्या रेघेवरचं हुशार नाही. असं समजा, एकाच वयाची शंभर निरोगी मुलं लहान डोक्यापासून मोठ्या डोक्यापर्यंत ओळीने उभी केली. तिसऱ्या रेघेवरच्या मुलाच्या मागे तीन मुलं आहेत, त्याच्याहून लहान डोक्याची. पन्नासाव्या रेघेवरचं बाळ बरोबर मध्ये आहे. सत्त्याण्णवाव्या रेघेवरच्या बाळाच्या पुढे तीनच आहेत. ओळीत कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे उभं राहणारच. म्हणून बाळ कुठल्या रेघेवर आहे हा पहिला प्रश्न नाही. ते आपल्या रेघेच्या वाटेने चाललंय का, हा प्रश्न आहे.

ही ओळ कुठली, असं कोणी विचारेल. संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, अंगावर पिणारी, निरोगी घरांतली मुलं मोजून हे तक्ते केले. भारतातली मुलं दिल्लीची होती. डोक्याच्या घेराचे तक्ते 2007 साली आले आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरतात.

एकाच मापावर भरवसा ठेवला की काय होतं, याचं मोठं उदाहरण ब्राझीलचं आहे. आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. पण 2021 च्या जुलैमध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात झिका पसरला तेव्हा लागण झालेल्यांत गरोदर बायकाही होत्या. अशा गरोदर बायकांच्या पोटातल्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा, असं केंद्र सरकारने तेव्हा राज्यांना कळवलं. झिका डेंग्यूच्याच डासाने पसरतो. मोठ्या माणसाला थोडा ताप, अंगावर पुरळ, एवढ्यावर भागतं. पण गरोदरपणात झाला तर काही बाळांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि डोकं लहान राहतं.

ब्राझीलमध्ये हे 2015 साली मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथल्या सरकारने आधी सांगितलं की पूर्ण दिवसांच्या ज्या बाळाचं डोकं 33 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरेल, त्याची नोंद संशयित म्हणून करा. आता आपला तक्ता काढून बघा. जन्मताना मुलग्यांची पंधरावी रेघ 33.1 वर आहे आणि मुलींची 32.7 वर. म्हणजे काहीही आजार नसलेल्या शंभर मुलग्यांमधले बारा-पंधरा आणि शंभर मुलींमधल्या वीसेक या एका आकड्याने संशयित ठरतात. किती आयांच्या जिवाला घोर लागला असेल! पुढे हद्द 32 केली आणि 2016 मध्ये मुलांसाठी 31.9 व मुलींसाठी 31.5 अशी वेगवेगळी ठरवली.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. त्याच ब्राझीलमध्ये तेरा बाळं अशी आढळली की त्यांना पोटात असताना झिका झाला होता, पण जन्मताना डोक्याचा घेर तक्त्यात बसत होता. जन्माच्या मापावरच थांबलं असतं तर ती ठीक म्हणून घरी गेली असती. ती पुन्हा पुन्हा मोजली तेव्हा दिसलं की डोक्याच्या वाढीचा वेग मंदावतोय, आणि तेरापैकी अकरा बाळांचं डोकं पुढे हद्दीच्या खाली गेलं. म्हणजे एकाच मापाने निरोगी बाळांना संशयित ठरवलं आणि आजारी बाळांना ठीक म्हटलं. रेघेने मात्र खरं सांगितलं.

पण रेघ खरी यायची तर माप खरं पाहिजे. तेव्हा आता टेपकडे येऊ.

शिंप्याची कापडी टेप घेऊ नका. ती वापरून ताणली जाते. ताणलेल्या टेपवर दोन आकड्यांतलं अंतर वाढलेलं असतं, त्यामुळे डोकं आहे त्याहून लहान भरतं. न ताणणारी टेप घ्या, फायबरची किंवा दवाखान्यात मिळते ती जाड कागदाची. कोणतीही टेप असो, स्टीलच्या पट्टीला लावून तिचे तीस सेंटिमीटर तीसच भरतात का ते बघा. शून्य नेमकं कुठे आहे तेही बघा. काही टेपांत शून्य अगदी टोकाला असतं, काहींत टोकापासून थोडी कोरी जागा सोडून पुढे. हे न बघितल्याने एकेक सेंटिमीटरचा फरक पडतो. आणि मापायचं सेंटिमीटरमध्येच, इंचाची बाजू उलटी ठेवायची.

बाळाला आईच्या मांडीवर घ्या. टोपडं काढा, केसांचा रबर किंवा क्लिप असेल तर तीही काढा. टेप पुढून भुवयांच्या लगेच वर, कपाळाचा जो भाग पुढे आलेला असतो त्यावरून जाते. बाजूने कानांच्या वरून जाते, कानावरून नाही. मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो, त्यावरून जाते. बोट फिरवलं की तो उंचवटा हाताला लागतो. दोघी जणी असल्या तर बरं. एकीने टेप धरायची, दुसरीने बाजूने वाकून बघायचं की टेप दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहे ना, मागे मानेकडे घसरली नाही ना. ती घसरली की घेर कमी भरतो.

मग टेप नीट आवळायची. बाळाला दुखेल म्हणून आपण ती सैल धरतो, तिथेच चूक होते. जावळ दाबलं जाईल इतकी ती घट्ट पाहिजे. जावळ दाट असेल तर सैल टेपमध्ये केसांचंच माप येतं. आणि मग जावळ काढल्यावर पुढच्या महिन्यात मोजलं की डोकं वाढलंच नाही असं वाटतं. म्हणून जावळ कधी काढलं ती तारीखही वहीत लिहून ठेवा.

माप मिलिमीटरपर्यंत वाचा. साडेएकेचाळीस असेल तर 41.5, थोडं पुढे असेल तर 41.7. गोळाबेरीज करू नका. टेप पूर्ण काढा, पुन्हा लावा, पुन्हा वाचा. दोन मापांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. जुळणाऱ्या मापांतलं मोठं माप लिहा, कारण आपल्याला डोक्याचा सगळ्यात मोठा घेर हवा असतो आणि टेप घसरली तर माप कमीच येतं.

एवढी काटेकोर का, म्हणाल तर हिशेब करून बघा. सहा महिन्यांनंतर डोकं महिन्याला अर्धा सेंटिमीटर वाढतं. तुमच्या टेपने अर्ध्या सेंटिमीटरची चूक केली तर महिन्याभराची सगळी वाढ तिने गिळली. चार महिन्यांच्या मुलाच्या पन्नासाव्या आणि पंच्याऐंशीव्या रेघेत अंतर आहे फक्त 1.3 सेंटिमीटरचं. एका सैल टेपने बाळ कागदावर जवळजवळ एक रेघ ओलांडतं. बाळाच्या डोक्यात काहीच झालेलं नसतं.

मोजायचं कधी? जन्मताना एकदा मोजतातच. पण बाळंतपणात डोकं दाबलं जाऊन लांबट होतं, काहींना वर सूज असते. म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजलेलं माप जास्त भरवशाचं. त्यानंतर लसीकरणाचे दिवस सोयीचे आहेत, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि नऊ महिने. मध्ये सहाव्या महिन्यात आशाताई घरी येतात तेव्हा एक माप घ्या, वर्षाला एक घ्या. लस टोचायच्या आधी मोजा. टोचल्यावर बाळ रडतं, मान हलवतं, मग टेप जागेवर राहत नाही. तुमच्या कार्डावर डोक्याच्या घेराचा तक्ता नसेल, तर वहीच्या मागच्या पानावर तारीख, वय आणि माप लिहा आणि दवाखान्यात डॉक्टरांना मांडायला सांगा.

आता उदाहरण करून बघू. ही खऱ्या बाळांची नावं नाहीत, समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. दोन मुलगे घ्या, दोघंही पूर्ण दिवसांचे. चौथ्या महिन्यात दोघांचं डोकं 43.8 सेंटिमीटर भरलं. चार महिन्यांच्या मुलाची सत्त्याण्णवावी रेघ 43.9 वर आहे. म्हणजे दोघंही तिच्या अगदी खाली, तक्त्याच्या आतच. फक्त आजचं माप बघणारी म्हणेल, दोघांचं सारखंच आहे, थोडं मोठं आहे, पण हद्दीत आहे.

आता मागची पानं उलटा. पहिल्याचं डोकं जन्मताना 36.8 होतं आणि दोन महिन्यांना 41.2. तक्त्यावर ही दोन्ही मापं सत्त्याण्णवाव्या रेघेच्या लगतच पडतात. दोन ते चार महिन्यांत तो 2.6 सेंटिमीटर वाढला. मधलं मूल त्याच काळात 39.1 वरून 41.6 वर जातं, म्हणजे अडीच वाढतं. हा मुलगा मोठ्या डोक्याचा जन्मला आणि आपल्या वाटेने चाललाय. डॉक्टर त्याच्या आईवडिलांचीही डोकी मोजतील. बहुतेक वेळा बापाला नाहीतर आजोबाला बाजारात मापाची टोपी मिळत नाही, असंच निघतं.

दुसऱ्याचं डोकं जन्मताना 34.4 होतं, पन्नासाव्या रेघेवर. दोन महिन्यांना 39.2, तेही पन्नासाव्यावर. आणि मग दोन महिन्यांत 4.6 सेंटिमीटर वाढून 43.8. अडीच वाढायचं तिथे साडेचारच्या वर. पन्नासाव्या रेघेवरून निघून पंच्याऐंशीवी ओलांडून तो सत्त्याण्णवाव्याला जाऊन भिडला. माप हद्दीत असलं तरी हे बाळ लवकरात लवकर डॉक्टरांकडे गेलं पाहिजे. पुढच्या महिन्यात बघू, असं इथे चालत नाही.

कारण मेंदूच्या आत पाणी सतत तयार होत असतं आणि वाहून जात असतं. त्याची वाट अडली की ते साठतं. यालाच लोक डोक्यात पाणी होणं म्हणतात. जन्मजात वाट अरुंद असणं, मेंदूज्वर होऊन जाणं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होणं, पाठीच्या मणक्यात जन्मजात दोष असणं, अशी याची कारणं असतात. मोठ्या माणसात असं झालं तर कवटी पक्की असल्याने डोकं लगेच ठणकतं. बाळाच्या फटी उघड्या असतात, म्हणून डोकं नुसतं मोठं होत जातं आणि बाळ सुरुवातीला हसत-खेळत असतं. म्हणूनच टेपला आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर.

डोळ्यांना दिसायला लागतं तेव्हा काय दिसतं तेही ऐकून ठेवा. बाळ शांत असताना, बसतं धरलं तरी टाळू फुगलेली आणि ताठ लागते. रडताना टाळू वर येते ते वेगळं, रडणं थांबलं की ती बसते. डोक्याच्या कातडीवर शिरा ठळक दिसतात. बुबुळं खाली ओढल्यासारखी होतात आणि त्यांच्या वर पांढरा भाग दिसतो. बाळ सारखं उलटी करतं, अंगावर प्यायला कंटाळतं, किरकिरतं किंवा सुस्त पडून राहतं, झटके येतात. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघायचं. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे, सगळी मापं लिहिलेली वही सोबत घेऊन.

तिथे काय करतात याची भीती नको. टाळू उघडी असते तोवर तिच्यावरूनच सोनोग्राफी करता येते, जशी पोटावरून करतात तशी. बाळाला टोचावं लागत नाही, भूल लागत नाही. गरज पडली तर पुढे सीटी किंवा एमआरआय करतात. पाणी साठलेलं निघालं तर ऑपरेशन करून बारीक नळी बसवतात, ती जास्तीचं पाणी कातडीखालून पोटात नेऊन सोडते. काही बाळांत दुर्बिणीने आतच वाट करून देतात. हे वेळेत झालं तर मेंदूवरचा दाब लवकर उतरतो. आणि काही बाळांत तपासणीत एवढंच निघतं की मेंदूच्या बाहेरच्या बाजूला थोडं जास्त पाणी आहे, घराण्यात मोठी डोकी आहेत आणि बाळाची मान, हसणं, बघणं सगळं वेळेवर आहे. तिथे ऑपरेशन लागत नाही, फक्त ठरावीक दिवसांनी मोजत राहायचं. पण हे सांगायचं काम तपासणीचं आहे, आपलं किंवा शेजारणीचं नाही.

आता एक मुलगी घ्या. जन्मताना 33.9, मुलींची बरोबर पन्नासावी रेघ. दोन महिन्यांना 37.6, पंधराव्या आणि पन्नासाव्याच्या मध्ये. चार महिन्यांना 39.2, पंधराव्याच्या जरा खाली. सहा महिन्यांना 39.7, म्हणजे तिसऱ्या रेघेवर. दर वेळी आकडा वाढलाय, म्हणून घरच्यांना वाटतं डोकं वाढतंय. पण चार ते सहा महिन्यांत ती अर्धा सेंटिमीटर वाढली, मधली मुलगी त्याच काळात 40.6 वरून 42.2 वर जाते. ही पोरगी अजून हद्दीच्या आत आहे, पण तिची रेघ सरळ खाली चालली आहे. ब्राझीलच्या त्या तेरा बाळांत नेमकं हेच बघायला मिळालं होतं.

खाली जाणाऱ्या रेघेचं कारण झिकाच असतं असं मुळीच नाही. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडला असेल, गरोदरपणात रुबेलासारखा आजार झाला असेल, फार मोठं कुपोषण असेल, मेंदूचा जन्मजात दोष असेल किंवा कवटीच्या फटी वेळेआधी बंद होत असतील. शेवटच्यात बहुधा डोक्याचा आकारही वेगळा दिसतो, फटीच्या जागी हाताला कडक धार लागते. कुपोषणात आधी वजन घटतं, मग उंची थांबते आणि डोक्याचा नंबर शेवटी लागतो, कारण शरीर मेंदूला शेवटपर्यंत जपतं. म्हणून वजनाबरोबर डोक्याची रेघही खाली जात असेल तर गोष्ट खोल गेली आहे असं समजा. या बाळांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जरूर दाखवा. ते अंगणवाडीत तपासणीला येतं आणि पुढच्या तपासण्यांसाठी पाठवतं. मान धरणं, बसणं, ऐकणं, बघणं यांत बाळ मागे असेल तर त्यासाठीचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

रेघ ओलांडली की प्रत्येक वेळी घाबरायचं का? नाही. आधी चार गोष्टी तपासा. तक्ता मुलाचा की मुलीचा, ते बघा. वय तारखेवरून मोजा, अंदाजाने नको. टेप बदलली का, मोजणारी बदलली का, ते विचारा आणि त्याच दिवशी पुन्हा मोजा. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे का, ते बघा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज चार महिन्यांचं असेल तर तक्त्यावर त्याला दोन महिन्यांवर मांडायचं, नाहीतर ते उगीच मागे दिसतं. अशी बाळं, किंवा कुपोषणातून सावरणारी बाळं, अंग धरायला लागली की त्यांचं डोकंही वर सरकतं. वजन आणि उंचीही सोबत वर जात असेल तर ती बहुधा भर काढण्याची वाढ असते, पण तीही डॉक्टरांच्या नजरेखालची असावी.

हे सगळं तपासून झालं आणि तरीही बाळ दोन रेघा ओलांडून गेलं असेल, किंवा लागोपाठ तीन मापं एकाच दिशेने आपली रेघ सोडत असतील, किंवा बाळ तिसऱ्याच्या खाली नाहीतर सत्त्याण्णवाव्याच्या वर असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. मघाशी सांगितलेली लक्षणं असतील तर हे तपासत बसायचंच नाही, थेट निघायचं. उलट रेघ व्यवस्थित आहे म्हणून बाकी सगळं ठीकच आहे, असंही टेप सांगत नाही. बाळ आवाजाकडे वळत नसेल, दोन-तीन महिन्यांचं होऊनही तोंडाकडे बघून हसत नसेल, तर डोक्याचा घेर कितीही चांगला असो, दाखवायचंच.

शेवटी गटातल्या मैत्रिणींना एक सांगणं. मोजलेला आकडा आधी बाळाच्या आईला सांगा, चारचौघींत नको आणि गटाच्या व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको. कुणाच्या बाळाला ‘मोठ्या डोक्याचं’ किंवा ‘डोक्यात पाणी झालेलं’ म्हणून नाव पडलं की ती सून टोपडं काढायलाच तयार होत नाही, आणि मग मोजायचं राहतं. प्रत्येक ग्रामसंघाने न ताणणारी एक टेप आणि मुलांचा व मुलींचा एकेक छापील तक्ता अंगणवाडीत ठेवावा, अशी माझी सूचना आहे. ती सभेच्या इतिवृत्तात घ्यावी. आज ज्यांची तान्ही बाळं सोबत आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबा, आशाताई आणि मी दोघी मिळून मापं घेऊ. वह्या आणल्या नसतील तर कार्डाच्या मागे लिहू.